केबलला नंबर हवाच

‘सर्वांनी आपल्या टेबलावरच्या नेटच्या केबलला दोन्ही टोकांना नंबर लावून घ्यावा. एका टेबलाची केबल दुसऱ्या टेबलाला लावू नये. नेट हळू चालत असेल तर केबल न बदलता माझ्याकडे नोंद करावी.’

छोट्या ऑफिसात मॅनेजरने अशी नोटीस लावली की एवढ्याशा वायरीसाठी नोटीस कशाला, असं कोणालाही वाटेल. पण या तीन वाक्यांमागे पक्कं कारण आहे.

कॉम्प्युटरपासून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत जाणाऱ्या दोन-तीन मीटरच्या वायरीला पॅच केबल म्हणतात. भिंतीआडच्या केबलला एकदा बसवल्यावर कोणी हात लावत नाही. पॅच केबल मात्र खुर्चीच्या चाकाखाली येते, झाडताना ओढली जाते, प्लगची प्लास्टिकची क्लिप तुटून सॉकेटात सैल बसते. तिच्यात आठ बारीक तारा असतात, म्हणजे चार जोड्या. सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, १००० मेगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तर नेट बंद पडतंच असं नाही. बऱ्याचदा कॉम्प्युटर आणि नेटवर्कचा स्विच मुकाट्याने १०० वर येतात आणि काम चालू राहतं.

मेल येतात, वेबसाइट उघडतात, त्यामुळे बिघाड लक्षातच येत नाही. तो कळतो ऑफिसच्या सर्व्हरवरून मोठी फाइल घेताना. २ जीबीचं फोल्डर १००० च्या वेगाने साधारण २० सेकंदांत उतरू शकतं. १०० च्या वेगाने त्यालाच जवळपास ३ मिनिटं लागतात.

आता कर सल्लागाराचं बारा टेबलांचं एक ऑफिस डोळ्यासमोर आणा. चार नंबरच्या टेबलावर फाइल उघडायला वेळ लागतो. तिथला कर्मचारी सातव्या टेबलावरचा सहकारी जेवायला गेल्याचं पाहून त्याची केबल घेतो आणि आपली तिथे लावतो. त्याचं काम सुरळीत होतं. संध्याकाळी सातव्या टेबलाची तक्रार येते. दुसऱ्या दिवशी तीच केबल नवव्या टेबलावर पोचते. मॅनेजरच्या वहीत आता तीन टेबलांच्या तीन तक्रारी आहेत. तीन ठिकाणी बिघाड म्हटल्यावर संशय स्विचवर जातो आणि नवा स्विच येतो. नववं टेबल तरीही रखडतच राहतं, कारण तुटकी तार अजून तिथेच आहे.

केबलला नंबर असता तर तिन्ही तक्रारींपुढे ‘केबल ४’ अशीच नोंद झाली असती आणि दुसऱ्याच तक्रारीला दोष कुठे आहे ते कळलं असतं.

केबल बदलून पाहणं ही तपासणीची योग्यच रीत आहे, पण ती एकाच माणसाने आणि नोंद ठेवून करायला हवी. कॉम्प्युटर तोच, भिंतीतलं सॉकेट तेच, फक्त केबल मॅनेजरच्या खणातली, खात्रीची. विंडोज ११ मध्ये `Settings`, `Network & internet`, `Ethernet` असं गेलं की `Link speed` दिसतो. आधी `100/100 (Mbps)` होतं आणि नव्या केबलने `1000/1000 (Mbps)` झालं, तर जुनी केबल खराब. तिचा प्लग तिथल्या तिथे कापून टाकावा, म्हणजे ती पुन्हा कोणी वापरणार नाही. आकडा १०० वरच राहिला तर दोष भिंतीआडच्या वायरीत किंवा स्विचच्या पोर्टमध्ये असू शकतो, नाहीतर कॉम्प्युटरच जुना, १०० च्याच क्षमतेचा असेल.

अदलाबदलीत याहून मोठा धोकाही आहे. कोणीतरी काढलेल्या केबलचं एक टोक भिंतीत तसंच राहतं. दुसरं टोक लोंबकळताना दिसतं, म्हणून कोणीतरी ते शेजारच्या सॉकेटात खुपसतं. दोन्ही सॉकेटं एकाच स्विचला जोडलेली असतील, तर स्विचने सर्वांसाठी पाठवलेला संदेश त्या केबलमधून फिरून पुन्हा स्विचकडेच येतो, स्विच तो परत सगळीकडे धाडतो आणि हे थांबतच नाही. छोट्या ऑफिसांतल्या साध्या स्विचमध्ये हे चक्र तोडण्याची सोय बहुधा नसते. काही क्षणांत सगळ्या टेबलांचं नेट ठप्प होतं आणि ती एक केबल उपटेपर्यंत सुरू होत नाही. दोन्ही टोकांना नंबर असेल तर शेजारच्या दोन सॉकेटांत एकच नंबर दिसतो आणि दोषी केबल चटकन सापडते.

नंबर लावायला मशीन लागत नाही. कागदाच्या पट्टीवर नंबर लिहून ती प्लगपासून चार बोटं अंतरावर गुंडाळावी आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी. नुसत्या मार्करची शाई हाताळून पुसली जाते. कर्मचाऱ्याचं नाव लिहू नये, माणसं टेबल बदलतात. वहीत केबलचा नंबर, टेबल, सॉकेट आणि तारीख एवढी नोंद पुरे.

तुमच्या ऑफिसात अशी नोटीस लागली तर आजच पट्टी चिकटवा, आणि नेट रखडलं तर शेजारच्या केबलला हात लावण्याआधी मॅनेजरला आपल्या केबलचा नंबर सांगा.