१.३३ लाख म्हणजे नेमके किती?

२०१९ च्या सुरुवातीला लाखो लोक रात्री जागून दोन आकड्यांकडे डोळे लावून बसत होते. एक आकडा टी-सीरिज या भारतीय संगीत कंपनीच्या यूट्यूब चॅनेलचा होता. दुसरा प्यूडिपाय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फेलिक्स शेलबर्ग या स्वीडिश तरुणाचा. कोणाचे सबस्क्रायबर जास्त, एवढाच प्रश्न होता. पण आकडे सेकंदासेकंदाला हलत, एक पुढे जाई, दुसरा त्याला गाठे. ही शर्यत थेट दाखवणारी वेगळी प्रक्षेपणे चालू होती आणि त्यांनाही प्रचंड प्रेक्षक होते. मे महिन्याच्या अखेरीस टी-सीरिजने दहा कोटींचा टप्पा ओलांडला. त्याच महिन्यात जेम्स चार्ल्स या अमेरिकी यूट्यूबरचे एका जाहीर भांडणानंतर काही दिवसांत सुमारे तीस लाख सबस्क्रायबर कमी झाले. ती घसरणही लोकांनी थेट, एकेक अंक खाली येताना पाहिली.

यूट्यूबने आपला निर्णय मे २०१९ मध्येच जाहीर केला आणि वर्षाच्या उत्तरार्धात तो अमलात आला. एक हजाराहून अधिक सबस्क्रायबर असलेल्या चॅनेलचा पूर्ण आकडा यापुढे लोकांना दिसणार नव्हता, फक्त पहिले तीन अंक दिसणार होते. कंपनीने दोन कारणे दिली. हा आकडा काही ठिकाणी पूर्ण आणि काही ठिकाणी संक्षिप्त दिसे, तो सगळीकडे सारखा करायचा होता. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. आपला आकडा क्षणाक्षणाला जगासमोर हलताना पाहून व्हिडिओ करणाऱ्यांवर जो ताण येई, तो कमी करायचा होता.

नियम साधा आहे. हजाराच्या आत सबस्क्रायबर असतील तर पूर्ण आकडा दिसतो, म्हणजे ८६७ असतील तर ८६७. हजारानंतर पहिले तीन अंक ठेवायचे आणि पुढचे सोडून द्यायचे. ४,२२७ सबस्क्रायबर असलेल्या चॅनेलवर 4.22K दिसते, आणि ४,२३० होईपर्यंत तो आकडा हलत नाही. १,३३,०१७ असतील तर 133K दिसते, ते थेट १,३४,००० होईपर्यंत. अॅपची भाषा मराठी ठेवली असेल तर हेच लाखांत दिसते. पाच कोटींच्या घरातल्या चॅनेलला पुढची पायरी चढायला एक लाख नवे लोक लागतात. दहा कोटींच्या पुढे तीच पायरी दहा लाखांची होते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. शाळेत आपण जवळच्या आकड्यापर्यंत पूर्ण करायला शिकलो, निम्म्याच्या वर असेल तर वर आणि खाली असेल तर खाली. इथे तसे होत नाही. इथे आकडा नेहमी खालीच येतो. १,३३,९९९ सबस्क्रायबर असलेले चॅनेलही 133K दाखवते आणि १,३३,००० वालेही. दोघांत जवळपास हजार माणसांचा फरक आहे, पण बाहेरून तो दिसत नाही. उलट १,३४,००० वर असलेल्या चॅनेलमधून एकच माणूस बाहेर पडला, तरी पाहणाऱ्याला हजार लोक गेल्यासारखे वाटते. तो एक जण रागावून गेला असेल असेही नाही. बंद झालेली आणि बनावट खाती यूट्यूब वेळोवेळी मोजणीतून काढते, तेव्हाही आकडा खाली येतो. म्हणून दर्शनी आकडा एक पायरी खाली आला, एवढ्यावरून चॅनेलला उतरती कळा लागली असा निष्कर्ष काढणे चूक आहे.

मग थेट आकडा दाखवणाऱ्या संकेतस्थळांचे काय? ती संकेतस्थळे यूट्यूबकडे एपीआय या मार्गाने माहिती मागत. यूट्यूबने त्या दारावरही तोच नियम लावला. आज एखाद्या चॅनेलची माहिती मागितली तर उत्तराचा या विषयापुरता भाग असा येतो:

```
"statistics": {
  "subscriberCount": "133000",
  "hiddenSubscriberCount": false
}
```

शेवटची तीन शून्ये ही खरी मोजणी नाही, सोडून दिलेल्या अंकांच्या जागी ती भरली आहेत. त्यामुळे चॅनेलच्या मालकाने स्वतःहून आपली माहिती दिलेली नसेल आणि तरीही एखाद्या ठिकाणी १,३३,४१२, १,३३,४१३ असा आकडा पळताना दिसत असेल, तर तो अंदाज आहे. नेमका आकडा मालकाला स्वतःच्या यूट्यूब स्टुडिओत दिसतो.

त्या उत्तरातली दुसरी ओळ आकडा लपवण्याविषयी आहे. ही सोय बरीच वर्षे होती. मालकाने सेटिंगमधली एक खूण काढली की चॅनेलच्या पानावरून आणि व्हिडिओखालून सबस्क्रायबरचा आकडा नाहीसा होई. एपीआयच्या उत्तरात `false` च्या जागी `true` येई. चॅनेलच्या कामात काही फरक पडत नसे. लोक सबस्क्राइब करू शकत, नवे व्हिडिओ त्यांच्यापर्यंत जात आणि मालकाला आत सगळे दिसे. नुकतेच सुरू केलेले चॅनेल चालवणाऱ्या कित्येकांनी ‘फक्त ४० सबस्क्रायबर’ ही संकोचाची पाटी नको म्हणून ही सोय वापरली. त्यात वावगे काही नव्हते.

पण भामट्यांनाही ती सोयीची ठरली. एखाद्या नामवंत यूट्यूबरचे नाव आणि फोटो जसाच्या तसा उचलायचा, त्याच्याच व्हिडिओखाली प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांना उत्तर द्यायचे, ‘अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागले आहे, या नंबरवर संपर्क करा’ असे लिहायचे, आणि सबस्क्रायबरचा आकडा लपवून ठेवायचा. आकडा दिसला असता तर दहा लाखांच्या जागी सात सबस्क्रायबर दिसून पितळ उघडे पडले असते. तो दिसत नसल्याने भोळा प्रेक्षक फसे. अखेर २९ जुलै २०२२ पासून चॅनेलना आकडा लपवता येणार नाही असे यूट्यूबने जाहीर केले. चाळीस सबस्क्रायबरवाल्यांची गैरसोय झाली हे खरे, तरी मला हा निर्णय योग्य वाटतो. बक्षिसाची प्रतिक्रिया आली तर लिहिणाऱ्याच्या नावावर बोट ठेवा आणि त्या चॅनेलचा आकडा व @ ने सुरू होणारी ओळख पाहा. नाव आणि फोटो कोणालाही चोरता येतो, पण @ ची ओळख एका वेळी एकाच चॅनेलकडे असते.

लपवण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो प्रेक्षकाच्या हातात आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये `Keep all my subscriptions private` अशी ओळ असते. ती चालू असेल तर तुम्ही कोणकोणती चॅनेल सबस्क्राइब केली आहेत हे इतरांना दिसत नाही, आणि त्या चॅनेलच्या मालकाला सबस्क्रायबरच्या यादीत तुमचे नावही दिसत नाही. मात्र तुमची मोजणी होतेच. म्हणूनच मालकाला दिसणारी नावांची यादी आणि एकूण आकडा यांचा मेळ कधी बसत नाही.

आता स्टुडिओच्या आत जाऊ, कारण खरी माहिती तिथे आहे. तिथे `Subscription status` निवडले की प्रत्येक व्हिडिओचे व्ह्यूज दोन भागांत वाटून मिळतात, `Subscribed` आणि `Not subscribed`. पुष्कळांना ‘सबस्क्रायबर व्ह्यूज’ म्हणजे फक्त सबस्क्रायबरना उघडणारा व्हिडिओ वाटतो. तसे नाही. पैसे भरून सदस्य झालेल्यांसाठी राखलेले व्हिडिओ ही वेगळी गोष्ट. इथे व्हिडिओ सर्वांना खुलाच असतो, पाहताना माणूस सबस्क्रायबर होता की नव्हता एवढेच नोंदले जाते.

समजा, अलिबागजवळच्या एका ताईंचे रानभाज्यांचे चॅनेल आहे. सबस्क्रायबर १३,४६८, बाहेर 13.4K दिसते. पावसाळ्यात त्यांनी टाकळ्याच्या भाजीचा व्हिडिओ टाकला. त्याला ४०,००० व्ह्यूज मिळाले, त्यांतले ३,००० सबस्क्रायबरचे आणि ३७,००० इतरांचे. ताई खट्टू होतील की आपले साडेतेरा हजार लोक कुठे गेले? पण वेळ पाहिली तर चित्र बदलते. सबस्क्रायबरने सरासरी ५ मिनिटे १० सेकंद व्हिडिओ पाहिला, इतरांनी २ मिनिटे ५ सेकंद. व्ह्यूजमध्ये सबस्क्रायबरचा वाटा साडेसात टक्के असला तरी पाहिलेल्या एकूण वेळेत तो जवळपास सतरा टक्के होतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपल्या परसबागेची हकीकत सांगितली. व्ह्यूज आले २,४००, त्यांतले १,९०० सबस्क्रायबरचे. पहिला व्हिडिओ टाकळा कसा करायचा हे शोधणाऱ्या अनोळखी लोकांपर्यंत गेला. दुसरा ताईंच्या नेहमीच्या माणसांनी पाहिला, आणि त्यांच्या पलीकडे तो फारसा गेला नाही. दोन्ही व्हिडिओ आपापल्या जागी बरोबर आहेत. एका आकड्यावर दोघांची तुलना करणे हीच चूक.

हे आकडे वाचताना तीन ठिकाणी फसगत होते. एक, हे व्ह्यूज आहेत, माणसे नव्हेत. एकाच सबस्क्रायबरने भाजी करताना व्हिडिओ तीनदा लावला तर तीन व्ह्यूज धरले जातात. दुसरे, माणसाची स्थिती पाहण्याच्या क्षणाची धरली जाते. कोणी सकाळी टाकळ्याचा व्हिडिओ पाहिला, तो आवडला म्हणून सबस्क्राइब केले आणि दुपारी परसबागेचा पाहिला, तर एकाच दिवशी त्याच माणसाचा पहिला व्ह्यू बाहेरच्याचा आणि दुसरा सबस्क्रायबरचा मोजला जातो. टाकळ्याच्या व्हिडिओने चॅनेलला एक माणूस मिळवून दिला, पण सबस्क्रायबर व्ह्यूजच्या रकान्यात त्याचे श्रेय दिसत नाही. त्यासाठी त्या व्हिडिओमुळे मिळालेले सबस्क्रायबर हा वेगळा रकाना पाहावा लागतो.

तिसरी फसगत सर्वांत घरगुती आहे. माझ्या मावशीने अनेक मराठी चॅनेल स्वतःच्या फोनवरून सबस्क्राइब केली आहेत, पण ती व्हिडिओ पाहते हॉलमधल्या टीव्हीवर, आणि त्या टीव्हीत खाते आहे तिच्या मुलाचे. रोज तासभर मन लावून पाहणारी ही बाई त्या चॅनेलच्या नोंदीत सबस्क्रायबर नसलेली म्हणून जाते. लॉग-इन न करता पाहणाऱ्यांचेही तेच. त्यामुळे सबस्क्रायबर व्ह्यूज खऱ्यापेक्षा कमीच दिसतात, आणि जिथे घरचे सगळे मिळून मोठ्या पडद्यावर पाहतात अशा भजन-कीर्तनाच्या किंवा रेसिपीच्या चॅनेलच्या बाबतीत ही तूट जास्त असणार.

तेव्हा एखादे छोटे चॅनेल तुम्हाला मनापासून आवडत असेल, तर घरच्या टीव्हीवर स्वतःचे खाते जोडून घ्या आणि त्यावरून ते पाहा. मावशीच्या टीव्हीवर तिचे खाते मी गेल्या रविवारी जोडून दिले.