घसरणीत कोण टिकतं: निर्देशांकाच्या तुलनेत शेअरची ताकद

शेअर वर गेला म्हणजे तो मजबूत झाला, हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो. सगळा बाजार वर जात असेल तर त्याच्या जोरावर लेचेपेचे शेअरही वर जातात. खरेदीसाठी शेअर निवडताना म्हणून वेगळा प्रश्न विचारायचा: बाजाराने जे केलं, त्यापेक्षा या शेअरने काय जास्त केलं?

त्याचं गणित एका भागाकाराचं आहे. शेअरचा बंद भाव त्याच दिवशीच्या निर्देशांकाने भागायचा आणि आकडा वाचायला सोपा जावा म्हणून हजाराने गुणायचा. समजा निफ्टी २०,००० वर आहे आणि ‘अ’ व ‘ब’ हे दोन्ही शेअर ४०० रुपयांना आहेत. दोघांचं गुणोत्तर २० येतं. महिन्याभरात निफ्टी १८,००० वर घसरला, ‘अ’ ३८० वर आला आणि ‘ब’ ३४० वर. आता ‘अ’चं गुणोत्तर २१.१ आहे आणि ‘ब’चं १८.९. ‘अ’ धरलेल्याचे पाच टक्के गेले हे खरंच, पण बाजाराचे दहा टक्के गेले असताना त्याचे पाचच गेले. म्हणजे त्या शेअरला खाली कुणीतरी खरेदीदार होता.

पुढे निफ्टी १९,८०० पर्यंत सावरला आणि ‘ब’ ३६७ झाला. आठ टक्क्यांची वाढ बघून मोह होतो. पण त्याच वेळी निफ्टी दहा टक्के वाढलाय, आणि ‘ब’चं गुणोत्तर १८.५ पर्यंत आणखी खाली गेलंय. भाव वाढत असताना तो मागेच पडतोय. नुसता भावाचा चार्ट बघणाऱ्याला हे दिसत नाही.

रोज हाताने भागाकार करायची गरज नाही. ट्रेडिंगव्ह्यूवर चिन्हाच्या जागी `NSE:SUNPHARMA/NSE:NIFTY` असं टाकलं की गुणोत्तराचीच रेषा समोर येते. तिचा आकडा किती आहे याला अर्थ नाही, दिशा बघायची. मी त्या रेषेवर पन्नास दिवसांची सरासरी काढतो. रेषा सरासरीच्या वर आणि सरासरीही चढती असेल तर शेअर यादीत राहतो. इथे आरएसआयशी गल्लत करू नये. आरएसआय शेअरची तुलना त्याच्याच मागच्या चढउतारांशी करतो, निर्देशांकाशी त्याचा संबंध नाही.

यादी करायला उत्तम काळ घसरणीचा, असं माझं ठाम मत आहे. २०२०ची सुरुवात आठवा. १४ जानेवारीला निफ्टी १२,३६२ वर बंद झाला आणि २३ मार्चला ७,६१० वर. त्या पडझडीत औषध कंपन्यांचे शेअरही पडले, पण बाजाराच्या मानाने कमी. एप्रिलमध्येच निफ्टी फार्मा जानेवारीची पातळी ओलांडून वर गेला होता, तर निफ्टीला आपली जुनी पातळी गाठायला नोव्हेंबर उजाडला. ज्यांनी मार्चमध्ये गुणोत्तराच्या रेषा बघितल्या, त्यांना पुढचं क्षेत्र कोणतं याची खूण तेव्हाच मिळत होती. म्हणून चाळणी दोनदा लावावी: आधी क्षेत्राचा निर्देशांक निफ्टीशी ताडायचा, मग शेअर त्या क्षेत्राच्या निर्देशांकाशी.

ही दुसरी तुलना करताना जपावं लागतं. एचडीएफसी बँकेचं बँक निफ्टीतलं वजन इतकं मोठं आहे की ती वर गेली की निर्देशांकालाही ओढून नेते आणि गुणोत्तर फारसं हलत नाही. उलट छोट्या कंपनीला निफ्टी ५० ने भागलं तर सगळ्याच स्मॉलकॅपची तेजी त्या एका शेअरच्या नावावर जमा होते. तिथे निफ्टी स्मॉलकॅप २५० घ्यावा. गुणोत्तर एका दिवसात निम्म्यावर आलं तर आधी बोनस किंवा स्प्लिट झालाय का ते तपासावं. भाव त्यानुसार दुरुस्त केलेला नसला की हे हमखास होतं. आणि रेषा एकाच उंच पायरीने वर गेली असेल, तर ते बहुधा निकालाच्या दिवसाचं काम असतं. मला आठवड्यामागून आठवडे हळूहळू चढणारी रेषा जास्त भरवशाची वाटते.

गुणोत्तर चढतं आहे एवढ्यावर खरेदी मात्र करू नये. वरच्या उदाहरणातला ‘अ’ ३८० वर असताना मजबूत होता, पण पडतही होता. अशा शेअरचा स्वतःचा भाव दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर येईपर्यंत किंवा आधीचा उच्चांक मोडेपर्यंत त्याला यादीतच ठेवायचं. स्टॉपलॉस कुठे लावायचा तेही भावाच्या चार्टवरूनच ठरतं, गुणोत्तरावरून नाही.

ही चाळणी सर्वात जास्त फसते ती मोठ्या मंदीच्या तळाशी. बाजार अचानक उसळला की ज्यांची सर्वाधिक धूळधाण झाली होती तेच शेअर सगळ्यात वेगाने वर येतात, आणि घसरणीत टिकलेले काही आठवडे मागे राहतात. तेव्हा त्यांची रेषा खाली वळते. ती पन्नास दिवसांच्या सरासरीखाली गेली आणि सरासरीही उतरू लागली, तर तो शेअर कितीही आवडता असला तरी मी यादीतून काढतो आणि त्याची जागा कोण घेतंय ते शोधायला लागतो.