गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर कुठल्या यादीतला खरा?

१ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक झालं. १ ऑक्टोबर २०२० ला ही मर्यादा ५०० कोटींवर होती. तीन वर्षांत ती उतरत उतरत अशा कंपन्यांपर्यंत आली, जिथे संगणकाचा वेगळा विभाग नसतो. एक हिशेबनीस असतो, त्याच्या टेबलावर टॅली असते आणि बाकीचा कारभार एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. रायपूरच्या बूढ़ापारा, सदर बाजार या जुन्या भागांत अशा कंपन्यांची कार्यालयं आहेत. 'एंटरप्राइझ आर्किटेक्चर' हे भारदस्त नाव असलेलं शास्त्र त्यांच्या किती कामाचं, हे अशाच एका कंपनीवर तपासून पाहू. कंपनी कल्पित आहे, तिच्यावर लागू होणारे नियम खरे आहेत.

समजा, बूढ़ापाऱ्यात पाइप आणि हार्डवेअरची घाऊक विक्री करणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. माणसं वीस-बावीस, उलाढाल ८ कोटींची, गोदाम भनपुरीला. बिलं टॅलीत होतात. गोदामाचा साठा एक्सेलमध्ये असतो. विक्रेते ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मालाची यादी दाखवणारी एक वेबसाइट आहे, ती कुणा ओळखीच्या मुलाने बनवून दिली होती. म्हणजे गिऱ्हाइकांची नावं, पत्ते आणि जीएसटी नंबर टॅलीत, गोदामाच्या एक्सेलमध्ये, विक्रेत्यांच्या मोबाइलमध्ये आणि वेबसाइटच्या चौकशी अर्जात अशा चार ठिकाणी पडलेले आहेत.

आता एक गिऱ्हाईक घ्या, ज्याची नोंदणी रायपूरलाही आहे आणि नागपूरलाही. रायपूर-नागपूर व्यापारात हे नेहमीचंच. रायपूरचा जीएसटी नंबर २२ ने सुरू होतो, नागपूरचा २७ ने. माल रायपूरच्या शाखेने मागवला, पण विक्रेत्याच्या मोबाइलमध्ये जुनी नागपूरची नोंद होती. त्याने तीच पाठवली आणि बिल नागपूरच्या नावाने, आयजीएसटी लावून निघालं. ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलने काहीही अडवलं नाही, कारण नंबर खरा होता, चालू होता आणि राज्याचा कोडही पत्त्याशी जुळत होता. माल कोणी मागवला हे पोर्टलला कळायचं कारण नाही.

चूक कळते ती महिन्याभराने, गिऱ्हाइकाच्या हिशेबनिसाकडून. त्याच्या रायपूरच्या २-बी विवरणात हे बिल दिसत नाही, म्हणून कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो पैसे रोखून धरतो. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर रद्द करता येतं, पण २४ तासांच्या आत. त्यानंतर क्रेडिट नोट काढायची, सीजीएसटी-एसजीएसटी लावून नवं बिल करायचं आणि विवरणपत्रांत दोन्हींचा मेळ घालायचा. एवढं सगळं निस्तरल्यावर बहुतेक ठिकाणी विक्रेत्याला बोलणी बसतात आणि विषय मिटतो. मोबाइलमधली जुनी नोंद मात्र तशीच राहते.

चार याद्यांपैकी शेवटचा शब्द कोणत्या यादीचा, हे कधी कुणी ठरवलंच नव्हतं. दोष तिथे आहे. आणि लहान कंपनीसाठी एंटरप्राइझ आर्किटेक्चरचा गाभा माझ्या मते एवढाच आहे: कोणती माहिती कुठे जन्मते, कुठे कुठे जाते आणि वाद झाला तर कुठली खरी मानायची.

मोठ्या संस्थांची गरज वेगळी होती. जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात आपली चौकट मांडली. आज तिच्या तक्त्यात छत्तीस चौकोन आहेत. १९९५ मध्ये टोगॅफ आलं, त्याचा ग्रंथ शेकडो पानांचा. शेकडो प्रणाली आणि डझनभर खाती असतील तर ते हवंच. बावीस माणसांच्या कंपनीने छत्तीस चौकोन भरायला घेतले तर पहिल्या ओळीतच काम थांबेल. पण टोगॅफमधली एक छोटी गोष्ट उचलण्याजोगी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

सुरुवात एका तक्त्याने करायची. प्रत्येक प्रणालीला एक ओळ: नाव, ती कशासाठी, तिच्यात कोणती माहिती, सांभाळतं कोण, खातं कुणाच्या नावावर, बॅकअप कुठे आणि उद्या बंद पडली तर काय अडेल. आपल्या कंपनीत दहा-बारा ओळी होतील. त्यात 'खातं कुणाच्या नावावर' हा रकाना सर्वांत जास्त धक्के देतो. वेबसाइटचं डोमेन त्या ओळखीच्या मुलाच्या नावावर असतं, ई-इन्व्हॉइस पोर्टलचा ओटीपी सोडून गेलेल्या हिशेबनिसाच्या मोबाइलवर जातो. हे कागदावर आल्याशिवाय दिसत नाही.

मग ए-फोर कागदावर चौकोन आणि बाण काढायचे. बाण म्हणजे माहितीचा प्रवास. जिथे माहिती आपोआप जाते तिथे सरळ रेघ, जिथे माणूस बघून पुन्हा टाइप करतो तिथे तुटक रेघ. आपल्या कंपनीत टॅलीतून ई-इन्व्हॉइस पोर्टलकडे जाणारी रेघ सरळ निघेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून टॅलीत, टॅलीतून गोदामाच्या एक्सेलमध्ये आणि वेबसाइटवरून विक्रेत्याकडे जाणाऱ्या रेघा तुटक निघतील. आपली नागपूरची चूक व्हॉट्सअ‍ॅपवरून टॅलीत जाणाऱ्या तुटक रेघेवरून आत आली. सगळ्या तुटक रेघा सरळ करायला पैसे लागतात आणि त्याची गरजही नाही. ज्या रेघेवरून पैसा किंवा कर जातो, तेवढीच आधी धरायची.

आता टोगॅफमधली ती गोष्ट. तत्त्व लिहायचं तर चार भागांत लिहा, असं तिथे सांगितलंय: नाव, विधान, कारण आणि परिणाम. चौथा भाग लोक गाळतात, आणि मग 'माहिती अचूक असावी' अशी भिंतीवर लावायची वाक्यं उरतात. अशा वाक्याला कुणी नाही म्हणत नाही, म्हणून ते काही ठरवतही नाही. आपल्या कंपनीचं पहिलं तत्त्व असं लिहिता येईल. नाव: गिऱ्हाइकाचं एकच मूळ. विधान: गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर टॅलीतल्या खात्यात असेल तोच खरा. कारण: चुकीच्या नंबरचं बिल २४ तासांनंतर रद्द होत नाही. परिणाम: नवं गिऱ्हाईक फक्त हिशेबनीस उघडेल, तेही नंबर जीएसटी पोर्टलवर तपासून, विक्रेता ऑर्डरमध्ये नंबर पाठवणारच नाही, टॅलीतला खाते क्रमांक पाठवेल, दोन शाखांच्या गिऱ्हाइकाची दोन स्वतंत्र खाती राहतील आणि नावातच शहर असेल. या परिणामांमुळे विक्रेत्यांची थोडी गैरसोय होईल. तत्त्व खरं असल्याची ती खूण आहे.

अशी चार-पाच तत्त्वं पुरतात. मी आणखी तीन घालेन. प्रत्येक खातं कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ई-मेलवर. ज्या सॉफ्टवेअरमधून आपली सगळी माहिती एक्सेलसारख्या साध्या रूपात बाहेर काढता येत नाही ते घ्यायचं नाही, कितीही स्वस्त असो. आणि हाताशी असलेल्या साधनात काम ऐंशी टक्के भागत असेल तर नवं साधन नाही. गोदामाचा साठा एक्सेलमध्ये का, असं विचारलं की कळतं, टॅलीतच साठ्याची सोय आहे, ती कुणी चालू केली नव्हती एवढंच.

यानंतर तंत्रज्ञानाची यादी. थॉटवर्क्स ही कंपनी २०१० पासून तंत्रज्ञानाचा 'रडार' प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक साधन चार वर्तुळांपैकी एकात बसवलेलं असतं: स्वीकारा, प्रयोग करा, पाहून ठेवा, थांबा. आपल्याला तीन शेरे पुरतात: वापरायचं, वाढवायचं नाही, काढायचं. शेऱ्यापुढे कारण किंवा तारीख हवी, नाहीतर तो कुणाची तरी आवड होऊन बसतो.

हिशेब व बिलं: टॅलीप्राइम, एडिट लॉगसह — वापरायचं.
गोदामाचं एक्सेल — वाढवायचं नाही. आर्थिक वर्षअखेरीस साठा टॅलीत.
कामाचा ई-मेल: कंपनीच्या डोमेनवर — वापरायचं.
वैयक्तिक जीमेल कामासाठी — काढायचं.
विंडोज १० — काढायचं. मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.
वेबसाइटचं मायएसक्यूएल ५.७ — काढायचं. आधार ऑक्टोबर २०२३ ला संपला.
पेनड्राइव्हवरचा बॅकअप — काढायचा. रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर.

पहिल्या आणि शेवटच्या ओळीमागे कायदा आहे, आणि बूढ़ापाऱ्यातलं कार्यालय असो की बांद्र्यातलं, कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येकाला तो लागू आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज घ्यायचा आहे. वह्या आठ वर्षं जपायच्या आहेत. मालकाला वाटतं हा लेखापरीक्षकाचा विषय. पण लेखापरीक्षक वर्षाअखेरीस येतो, तोवर वर्षाचा बॅकअप एका पेनड्राइव्हवर अडकलेला असतो.

शेवटचा कागद निर्णयांचा. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली पद्धत साधी आहे: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याची सध्याची अवस्था काय आणि त्यातून काय भोगावं लागेल, एक-दोन पानांत. आपल्याला अर्धं पान पुरतं. मोठे निर्णय वर्षाला पाच-सहाच होतात. पण दोन वर्षांनी नवा हिशेबनीस 'हे टॅलीतच का ठेवलंय' असं विचारतो तेव्हा हे अर्धं पान नसेल, तर तो आपल्या ओळखीचं सॉफ्टवेअर आणतो आणि पाचवी यादी तयार होते.

तक्ता, चित्र, तत्त्वं, यादी आणि निर्णय मिळून सहा-सात पानं होतात. ती पुरेशी आहेत का, हे एका प्रश्नाने तपासता येतं. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पोर्टलवर नोंदवावं लागतं. आपली ८ कोटींची कंपनी वाढून त्या रेषेवर आली, तर काय बदलावं लागेल हे कागद समोर ठेवून अर्ध्या तासात सांगता आलं पाहिजे. आपल्या चित्रात उत्तर सापडतं: बिलाची तारीख आणि ते पोर्टलवर नोंदलं जातं तो दिवस यांत अंतर किती पडतं, हे टॅलीतून पोर्टलकडे जाणाऱ्या रेघेवर बघायचं. हे सांगायला एकेकाला फोन करावे लागत असतील तर कागद कमी पडतात. उलट चित्रातली एखादी प्रणाली सहा महिन्यांपूर्वी बंद झाली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर कागद जास्त झालेत. जे कुणी उघडत नाही ते पान फाडून टाकावं. तिमाहीला तासभर, मालक, हिशेबनीस आणि गोदामाचा माणूस बसले की तेवढं जुळून राहतं.

यापुढची पायरी लागते ती तीन प्रसंगी: दुसऱ्या राज्यात स्वतःची नोंदणी घेतली, स्वतःचं सॉफ्टवेअर लिहून घ्यायला लागलात, किंवा एकच माहिती दोन प्रणालींनी आपोआप बदलायला सुरुवात केली. त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या यादीचा मालक कोण हा प्रश्न पुन्हा उघडावा लागतो, आणि तेव्हा टॅलीतलं खातं हे उत्तर पुरेलच असं नाही.