फोटोतल्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना

बंगला बांधून झाला, रंगही लागला, पण समोरचे अंगण अजून मुरमाचेच आहे. तिथे पेव्हर ब्लॉक बसवावेत की हिरवळ लावावी, हे ठरवण्यासाठी घरमालक चित्र मागतो. मग डिझायनर किंवा ठेकेदाराचा माणूस त्या जागेचा फोटो काढतो, ब्लॉकच्या नक्षीचे चित्र त्यावर ओढून बसवतो आणि पाठवून देतो. पुष्कळदा हे चित्र पाहताक्षणीच खोटे वाटते. ब्लॉक जमिनीवर पसरलेले दिसण्याऐवजी घरासमोर टांगलेल्या सतरंजीसारखे उभे दिसतात. रंग बरोबर, नक्षी बरोबर, पण जमीन मात्र हरवलेली.

या खोटेपणाची कारणे मोजता येतात. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. अंगण १२ फूट रुंद आणि ३० फूट खोल आहे. फोटो फोनच्या नेहमीच्या मुख्य लेन्सने काढला आहे. तो ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच आहे. फोन जमिनीपासून ५ फुटांवर, वरखाली न झुकवता समोर धरला आहे. अशा फोटोत क्षितिजरेषा बरोबर मध्यावर येते, म्हणजे खालच्या कडेपासून १५०० पिक्सेल वर. घर मध्ये आल्यामुळे ती डोळ्यांना दिसत नसली, तरी सगळे गणित तिच्यापासूनच सुरू होते.

या फोटोसाठी हिशेब सोपा आहे. जमिनीवरची एखादी जागा फोनपासून जितके फूट लांब, त्या आकड्याने १५,००० ला भागायचे; ती जागा क्षितिजरेषेच्या तितके पिक्सेल खाली दिसते. १० फुटांवरची जमीन १५०० पिक्सेल खाली, म्हणजे फोटोच्या तळाशी. २० फुटांवरची ७५० खाली, ३० फुटांवरची ५०० खाली आणि ४० फुटांवरची ३७५ खाली. आपले अंगण १० फुटांपासून ४० फुटांपर्यंत पसरले आहे असे धरले, तर त्याच्या पहिल्या १० फुटांना फोटोत ७५० पिक्सेल उंची मिळते, पुढच्या १० फुटांना २५० आणि शेवटच्या १० फुटांना अवघी १२५.

अंगणाची रुंदीही अशीच आटते. १२ फुटांची जवळची कड ३६०० पिक्सेल लांब दिसते आणि घरालगतची कड ९०० पिक्सेल. म्हणजे फोटोतले अंगण खाली रुंद आणि वर अरुंद असा चौकोन आहे, आणि त्याची उंची ११२५ पिक्सेल आहे. ब्लॉकची नक्षी या चौकोनात नुसती वरून चिमटून बसवली आणि आडव्या ओळींमधले अंतर सारखेच ठेवले, तर अंगणाचा मध्य ५६२ पिक्सेल उंचीवर येईल. खरा मध्य, म्हणजे फोनपासून २५ फुटांवरची जागा, तळापासून ९०० पिक्सेल वर आहे. डोळ्याला खटकतो तो हाच फरक. त्यामुळेच जमीन उभी राहिल्यासारखी वाटते.

खरा मध्य शोधायला भागाकारही लागत नाही. चौकोनाचे दोन्ही कर्ण आखायचे. ते जिथे एकमेकांना छेदतात तो जमिनीचा मध्य. आपल्या चौकोनात ते बरोबर ९०० पिक्सेल उंचीवर छेदतात. समोरून पाहिलेला आयत कॅमेऱ्यात कितीही तिरपा झाला, तरी सरळ रेषा सरळच राहते आणि कर्णांचा छेदही जागा सोडत नाही. लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती याने १४३५ साली चित्रकलेवर लिहिलेल्या ग्रंथात फरशीचे चौकोन काढण्याची रीत सांगितली आहे. दर पुढची ओळ आधीच्या ओळीच्या दोन तृतीयांश घेणाऱ्या चित्रकारांची चूक त्याने दाखवली. फरशी नीट उतरली की नाही हे तपासायची खूण म्हणून त्याने कर्णच सुचवला: अनेक चौकोनांतून कोपऱ्याकोपऱ्याने जाणारी रेषा कुठेही न मोडता सरळ जायला हवी. आजच्या संगणकावरच्या चित्रालाही हीच तपासणी लागू पडते. पट्टी लावा, रेषा वाकली, तर ओळींची अंतरे चुकली आहेत.

फोटोशॉपमध्ये या कामासाठी Vanishing Point नावाचे साधन आहे. आधी फोटोवर एक रिकामा लेयर घ्यावा, म्हणजे मूळ जमीन जशीच्या तशी राहते. ब्लॉकच्या नक्षीचे चित्र कॉपी करून ठेवावे, मग हे साधन उघडून जमिनीचे चार कोपरे टिचकवावेत. त्यावर जाळी उमटते. जाळी निळी असली तर हिशेब जुळला. पिवळी किंवा लाल झाली तर कोपरे चुकले आहेत आणि ते सरकवायला हवेत. पण निळी जाळी म्हणजे बरोबर जाळी असे नाही. तिच्या रेषा घराच्या पायरीला, कुंपणाच्या भिंतीच्या तळाला समांतर धावतात का, हे स्वतः पाहावे लागते. मग कॉपी केलेले चित्र तिथे पेस्ट करून जाळीवर ओढले की ते जमिनीला चिकटून बसते. गिम्पमध्ये Perspective साधनाने चित्राचे चार कोपरे अंगणाच्या चार कोपऱ्यांवर नेऊन हेच साधता येते.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो इथेच, आणि तो कोपऱ्यांत नसून चित्राच्या मापात असतो. अंगण १२ बाय ३०, म्हणजे २ ला ५ या प्रमाणात आहे. चौरस चित्र घेऊन त्याचे चार कोपरे अंगणाच्या कोपऱ्यांवर नेले, तर संगणक तक्रार न करता ते बसवतो, पण प्रत्येक ब्लॉक खोलीच्या दिशेने अडीच पट ताणला जातो. म्हणून नक्षी आधी खऱ्या मापाने सपाट मांडून घ्यावी. नेहमीचा आयताकृती ब्लॉक २०० बाय १०० मिलिमीटरचा असतो. लांब बाजू आडवी ठेवली तर १२ फुटांत १८ ब्लॉक बसतात आणि ३० फुटांत ९१ ओळी. चित्रात ओळी मोजून त्या चाळीसच भरल्या, तर घरमालकाला प्रत्यक्षातल्यापेक्षा दुपटीहून मोठे ब्लॉक दाखवले जात आहेत.

सपाट चित्र किती मोठे असावे, हेही त्याच मापांतून ठरते. जवळच्या कडेला १२ फुटांना ३६०० पिक्सेल, म्हणजे एका फुटाला ३०० पिक्सेल लागतात. त्याहून लहान चित्र घेतले तर पायाजवळचे ब्लॉक पुसट होतात. लांबच्या कडेला उलटी अडचण येते. तिथे ब्लॉकची एक ओळ जेमतेम ३ पिक्सेल उंच असते आणि दोन ब्लॉकमधली सांध एका पिक्सेलपेक्षा कितीतरी बारीक. अशा वेळी सांधेच्या जागी नसलेल्याच लहरी आणि पट्टे उमटतात. त्या टोकाला नक्षी हलकीशी धूसर केली की ते जातात. खऱ्या फोटोतही तितक्या अंतरावरची सांध वेगळी दिसत नाहीच.

फोनच्या अतिरुंद लेन्सने काढलेला फोटो मात्र या कामाला टाळावा. त्यात भिंतीचा तळ कडेला वाकतो, आणि जाळीच्या रेषा तर सरळच असतात. मग एका टोकाला नक्षी जुळते आणि दुसऱ्या टोकाला भिंतीपासून सुटते. दुसरा फोटो नसेलच, तर आधी लेन्सची वक्रता काढून घ्यावी आणि मग जाळी टाकावी.

जाळी बरोबर असूनही चित्र खोटे वाटले, तर चूक उजेडात असते. मुरमावर झाडाची आणि भिंतीची सावली होती. ब्लॉक वर टाकल्यावर ती झाकली गेली. ती परत आणायला मूळ जमिनीचा भाग वेगळ्या लेयरवर काढून त्याचा रंग घालवावा, उन्हातला भाग जवळजवळ पांढरा होईपर्यंत उजळावा आणि तो ब्लॉकच्या वर Multiply पद्धतीने ठेवावा. पांढरा भाग काही बदलत नाही आणि सावली ब्लॉकवर उतरते. रंग घालवला नाही तर मुरमाचा तांबूसपणा ब्लॉकवर चढतो. मुरमातले खडे ब्लॉकवर डाग होऊन उमटू नयेत म्हणून हा लेयर थोडा धूसरही करावा. नक्षीचा फोटो ढगाळ दिवशी घेतलेला बरा, नाहीतर ब्लॉकच्या सांधेतली सावली एका दिशेला आणि झाडाची दुसऱ्या दिशेला पडते.

हिरवळीसाठी एवढ्याने भागत नाही, कारण गवताला उंची असते. दीड इंच उंच गवत आपल्या फोटोत जवळच्या कडेला ३७ पिक्सेल उंच उभे राहायला हवे आणि घराजवळ ९ पिक्सेल. जाळीवर बसवलेले सपाट गवत लांबून चालते. जवळ ते छापील चटईसारखे दिसते. म्हणून पुढचा पट्टा आणि पायवाटेची कड पात्यापात्यांनी वेगळी रंगवावी लागते, आणि भिंतीचा तळ किंवा झाडाचा बुंधा त्या पात्यांनी थोडा झाकावा लागतो. घरातला गालिचा यापेक्षा सोपा. जाळी पूर्ण खोलीच्या फरशीवर टाकावी, गालिचा तिच्यात खऱ्या मापाने ठेवावा, खुर्ची-टेबलाचे पाय त्याच्या वर आणावेत आणि कडेला बारीक सावली द्यावी.

मोकळ्या प्लॉटवर ना भिंत असते ना पायरी. मग कोपरे घ्यायचे कशावरून? तिथे गवंडी पाया आखताना जे करतो तेच करावे. दोरी आणि खुंट्या घेऊन एका बाजूने ३ फूट, दुसऱ्या बाजूने ४ फूट मोजावे. तिरके अंतर ५ फूट भरले की काटकोन झाला. हेच माप दुप्पट-तिप्पट करून जमिनीवर मोठा आयत फक्कीने आखावा आणि तो दिसेल असा फोटो काढावा. जाळी त्या चार कोपऱ्यांवर टाकून मग संपूर्ण प्लॉटवर पसरवता येते.

असे चित्र कोणाकडून करून घेत असाल, तर फोटो काढतानाच टेप लावा. अंगणाची लांबी-रुंदी आणि फोन किती उंचीवर धरला, हे आकडे फोटोबरोबर लिहून द्या. चित्र हाती आले की ब्लॉकच्या ओळी मोजा, एक कर्ण पट्टीने तपासा, आणि मगच ब्लॉकची ऑर्डर द्या.