सर्व्हर ठणठणीत, वाट मात्र हरवलेली

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीतून दुपारी फोन आला. औषध दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करणारी ही कंपनी. तिचा सर्व्हर ॲमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई विभागात चालतो. फोनवर तिथली तरुण अभियंता होती. "सर, साइट उघडते आहे, दुकानदार लॉगिनच्या पानापर्यंत येतात, पण ओटीपीचा एसएमएस कुणालाच जात नाही. सर्व्हरवर अपडेट करायला गेले, तर तेही शून्य टक्क्यांवर अडकून बसलंय. सर्व्हर रीस्टार्ट करू का?"

मी म्हटलं, "थांब. लोक आत येऊ शकतात आणि सर्व्हर बाहेर जाऊ शकत नाही, असं आहे ना? मग दोष बहुधा सर्व्हरमध्ये नाही. त्याची बाहेर जायची वाट तुटली आहे."

ही वाट नेमकी कुठे असते, ती तुटली हे कसं ओळखायचं आणि पुन्हा कशी जोडायची, हे या एका उदाहरणावरून पाहू.

क्लाउडवर कंपनीला स्वतःचं एक बंदिस्त नेटवर्क आखून मिळतं. त्याला व्हीपीसी म्हणतात. या कंपनीच्या नेटवर्कचे पत्ते `10.0.0.0/16` या पट्ट्यातले होते आणि त्याचे दोन भाग, म्हणजे सबनेट, केले होते. `10.0.1.0/24` हे पब्लिक सबनेट. इथून इंटरनेटकडे थेट रस्ता आहे. `10.0.2.0/24` हे प्रायव्हेट सबनेट. मुख्य सर्व्हर त्यातल्या `10.0.2.25` या पत्त्यावर होता, बाहेरच्या कुणाला त्याच्यापर्यंत थेट पोचता येऊ नये म्हणून.

`10` ने सुरू होणारे हे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. जगात लाखो ठिकाणी तेच पत्ते वापरात असतात, त्यामुळे इंटरनेटवर त्यांना काही अर्थ नाही. `10.0.2.25` वरून निघालेलं पाकीट कसंबसं बाहेर पोचलं, तरी उत्तर कुठे पाठवायचं हे पलीकडच्याला कळणार नाही. ही अडचण सोडवण्यासाठी १९९४ साली नॅट, म्हणजे पत्ता बदलून देण्याची पद्धत, मांडली गेली. आपल्या घरचा वायफाय राउटर रोज हेच काम करतो.

सरकारी कचेरीतला आवक-जावक विभाग आठवा. कुठल्याही टेबलावरचं पत्र बाहेर जाताना त्यावर त्या टेबलाचा नव्हे, कचेरीचा पत्ता आणि शिक्का पडतो. जावक क्रमांक पडतो आणि रजिस्टरमध्ये नोंद होते. उत्तर येतं तेव्हा त्यात तोच जावक क्रमांक संदर्भ म्हणून असतो. कारकून रजिस्टर पाहतो आणि पत्र बरोबर त्या टेबलावर पोचवतो. नॅटचं काम असंच चालतं. सर्व्हरच्या पाकिटावरचा खाजगी पत्ता खोडून तो आपला सार्वजनिक पत्ता लिहितो आणि पोर्ट क्रमांक टाकून नोंद ठेवतो. ज्याची नोंद नाही असं पाकीट बाहेरून आलं, तर ते आत सोडत नाही. म्हणून सर्व्हर बाहेर बोलू शकतो, पण बाहेरचा कुणी आपणहून त्याच्याशी बोलणं सुरू करू शकत नाही.

मग दुकानदार आत कसे येत होते? त्यांची वाट वेगळी होती. पब्लिक सबनेटमध्ये एक लोड बॅलन्सर होता. दुकानदार त्याच्याशी बोलत आणि तो आतल्या सर्व्हरशी. सर्व्हरला उत्तर द्यायचं होतं ते शेजारच्या सबनेटमधल्या लोड बॅलन्सरला, म्हणजे घरातल्या घरात. त्यात नॅटचा संबंधच नाही. एसएमएस पाठवण्यासाठी मात्र सर्व्हरला स्वतः बाहेरच्या कंपनीचं दार वाजवावं लागतं.

निदान करायला तिला पब्लिक सबनेटमधल्या छोट्या मशीनवरून आतल्या सर्व्हरवर जायला सांगितलं आणि या तीन आज्ञा द्यायला लावल्या:

```
getent hosts checkip.amazonaws.com
curl -m 5 https://checkip.amazonaws.com
ip route
```

पहिलीचं उत्तर लगेच आलं. नावाचा पत्ता सापडला. इथे पुष्कळजण फसतात. नाव सापडतंय म्हणजे इंटरनेट चालू आहे, असं त्यांना वाटतं. पण नावं शोधून देणारी सेवा व्हीपीसीच्या आतच, `10.0.0.2` या पत्त्यावर असते. तिच्यापर्यंत जायला बाहेरचा रस्ता लागत नाही.

दुसरी आज्ञा पाच सेकंद गप्प राहिली आणि वेळ संपल्याचं सांगून थांबली. ही शांतता महत्त्वाची खूण आहे. पलीकडचं मशीन पोचण्याजोगं असतं आणि तिथली सेवा बंद असते, तेव्हा सहसा `Connection refused` असा नकार ताबडतोब येतो. नकारही येत नाही, म्हणजे पाकीट वाटेतच कुठेतरी गडप होतंय.

तिसरीने दाखवलं की सर्व्हरला बाहेरची वाट ठाऊक आहे: `default via 10.0.2.1`. ती म्हणाली, "सर, रूट तर आहे." आहे, पण ती फक्त पहिली पायरी. `10.0.2.1` हा व्हीपीसीचा अदृश्य राउटर, आणि तो प्रत्येक सबनेटला मिळतोच. पाकीट त्याच्या हाती आल्यावर तो पुढे कुठे पाठवतो, हे सर्व्हरच्या आतून दिसत नाही. सर्व्हर कितीही वेळा रीस्टार्ट केला, तरी हा दोष सापडणार नाही. तो क्लाउडच्या कन्सोलमध्ये, त्या सबनेटच्या रूट टेबलमध्ये शोधावा लागतो.

तिने प्रायव्हेट सबनेटचं रूट टेबल उघडलं. त्यात दोन ओळी होत्या:

```
10.0.0.0/16   local            active
0.0.0.0/0     nat-0d41c7e2     blackhole
```

पहिली ओळ सांगते, घरातले पत्ते घरातच पोचव. दुसरी सांगते, बाकी जगातला कुठलाही पत्ता असो, नॅटकडे दे. पण तिच्यापुढे `blackhole` लिहिलं होतं. म्हणजे रूट ज्याच्याकडे बोट दाखवतो, तो नॅट आता अस्तित्वातच नाही. नॅट मुळात कधी बसवलाच नसेल, तर `0.0.0.0/0` ची ओळच नसते आणि फक्त `local` दिसतं. काही वेळा ओळ बरोबर लिहिलेली असते, पण भलत्याच टेबलात. सबनेटला टेबल जोडून दिलं नसेल, तर ते मुख्य टेबल वापरतं आणि आपण दुसऱ्याच टेबलात दुरुस्ती करत बसतो. म्हणून आधी सबनेट उघडावं आणि त्याला जोडलेलं टेबल तिथूनच पाहावं.

नॅट गेला कुठे? आदल्या संध्याकाळी कंपनीतल्याच एकाने बिल कमी करण्यासाठी तो काढून टाकला होता.

दुरुस्तीआधी तिने दोन सोपे वाटणारे उपाय सुचवले. पहिला, सर्व्हरलाच सार्वजनिक पत्ता द्यायचा. त्याने काही होत नाही, कारण रूट टेबल पाकिटं अजूनही नसलेल्या नॅटकडेच पाठवणार. दुसरा, `0.0.0.0/0` ची ओळ थेट इंटरनेट गेटवेकडे वळवायची. पण गेटवे फक्त स्वतःचा सार्वजनिक पत्ता असलेल्या मशीनचीच ने-आण करतो, त्यामुळे एकट्या याही उपायाने सर्व्हर बाहेर पोचत नाही. दोन्ही एकदम केले तर इंटरनेट चालू होतं, पण सर्व्हर उघड्यावर येतो. ज्यासाठी तो आत ठेवला होता, तेच मग उरत नाही.

खरा उपाय तीन पायऱ्यांचा आहे. नॅटसाठी एक कायमचा सार्वजनिक पत्ता घ्यायचा, नॅट उभा करायचा आणि रूट त्याच्याकडे वळवायचा. इथे पहिली पायरी वाचली. नॅट काढला तरी त्याचा पत्ता आपोआप परत जात नाही. तो खात्यात तसाच पडून राहतो आणि त्याचं भाडं चालूच राहतं. या वेळी ते पथ्यावर पडलं, कारण एसएमएसवाली कंपनी फक्त त्याच पत्त्यावरून आलेल्या मागण्या स्वीकारत होती. नवा पत्ता घेतला असता, तर रस्ता जोडूनही ओटीपी गेले नसते. मग तिने दुसरी आज्ञा दिली:

```
aws ec2 create-nat-gateway \
  --subnet-id <public-subnet-id> \
  --allocation-id <eipalloc-id>
```

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. हा नेहमीचा, एका झोनपुरता नॅट पब्लिक सबनेटमध्ये बसवायचा असतो. सर्व्हर प्रायव्हेट सबनेटमध्ये आहे म्हणून अनेकजण नॅटही तिथेच ठेवतात. मग नॅटलाच बाहेरची वाट उरत नाही. जावक विभाग बाहेरच्या दाराशी हवा, आतल्या कोंडलेल्या खोलीत ठेवून उपयोग नाही. पब्लिक सबनेटच्या टेबलात `0.0.0.0/0` समोर `igw-` ने सुरू होणारं नाव आहे ना, हेही पाहून घ्यायचं.

काही मिनिटांत नॅटची स्थिती `pending` वरून `available` झाली. त्याआधी चाचणी घेण्यात अर्थ नव्हता. मग शेवटची पायरी:

```
aws ec2 replace-route \
  --route-table-id <private-rtb-id> \
  --destination-cidr-block 0.0.0.0/0 \
  --nat-gateway-id <nat-id>
```

मोडकी ओळ टेबलात आधीच होती, म्हणून `replace-route`. ओळच नसती, तर `create-route` वापरलं असतं.

सर्व्हर रीस्टार्ट करावा लागला नाही. तिने तीच `curl` ची आज्ञा पुन्हा दिली आणि पडद्यावर एक पत्ता उमटला. `checkip` ही सेवा विचारणाऱ्याला त्याचाच पत्ता परत सांगते. उमटलेला पत्ता नॅटचा होता, म्हणजे पाकिटं बरोबर त्याच वाटेने जाऊन परत येत होती. दोन मिनिटांत ओटीपीही जायला लागले. एवढं करूनही शांतताच राहिली असती, तर नेटवर्क एसीएल पाहावं लागलं असतं. तो गेलेल्या पाकिटाची आठवण ठेवत नाही. त्यामुळे उत्तर परत येण्यासाठी १०२४ ते ६५५३५ हे पोर्ट दोन्ही सबनेटमध्ये आत यायला मोकळे ठेवावे लागतात. मुळातला एसीएल सगळंच मोकळं ठेवतो. अडचण येते ती कुणी नियम कडक केल्यावर.

राहिला बिलाचा प्रश्न, कारण तो सुटला नाही तर नॅट पुन्हा कुणीतरी काढेल. नॅटला दोन प्रकारे पैसे लागतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागाचा दर धरला तर तासाला ०.०४५ डॉलर आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीला ०.०४५ डॉलर. मुंबईचा दर याहून थोडा जास्त आहे. म्हणजे तीस दिवस नुसता चालू ठेवायला सुमारे ३२ डॉलर. या कंपनीत रोज रात्री ४० जीबीचा बॅकअप ॲमेझॉनच्याच एस-थ्री साठवणीत जात होता, आणि तोही नॅटमधून. महिन्याला १२०० जीबी, म्हणजे याच दराने आणखी ५४ डॉलर. बिल फुगलं होतं ते यामुळे. एस-थ्रीकडे जायला `Gateway endpoint` नावाची वेगळी वाट रूट टेबलात जोडता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. तिने ती त्याच संध्याकाळी जोडली. त्या रात्रीपासून बॅकअप नव्या वाटेने जाऊ लागला आणि नॅटकडे खरोखर बाहेर जाणारी पाकिटं तेवढी उरली.