एलसीच्या अर्जात काजूचा उतारा

वेंगुर्ला, सावंतवाडी, चंदगड या पट्ट्यातले काजू कारखाने वर्षभर चालायचे तर एकट्या स्थानिक बीवर भागत नाही. मग आफ्रिकेतली कच्ची बी मागवावी लागते, आयव्हरी कोस्टची, टांझानियाची. विकणारा हजारो मैलांवर असतो आणि दोघांनी एकमेकांना बहुधा पाहिलेलंही नसतं. अशा व्यवहारात पैशाची हमी बँक देते. खरेदीदाराची बँक विक्रेत्याला लिहून देते की ठरलेली कागदपत्रं ठरलेल्या मुदतीत दाखवा, पैसे आम्ही देऊ. हेच लेटर ऑफ क्रेडिट, बाजाराच्या भाषेत एलसी.

एलसी उघडण्यासाठी खरेदीदार बँकेत अर्ज भरतो. बँकेकडे सौद्याची माहिती पोचते ती या अर्जातून. सोबत कराराची प्रत जोडलेली असते, त्यामुळे बँक करार वाचून पैसे देईल असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. जगभरच्या बँका एलसीसाठी जी नियमावली पाळतात ती यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून लागू असलेली. तिचं चौथं कलम सांगतं की एलसी हा विक्रीकरारापासून वेगळा व्यवहार आहे. एलसीत कराराचा उल्लेख असला तरी बँक त्या कराराला बांधील नाही. पाचवं कलम सांगतं की बँकेचा संबंध कागदपत्रांशी, मालाशी नाही. म्हणून करारातली जी अट बँकेने पाहावी असं वाटतं, ती अर्जात अशा रूपात यायला हवी की एखादा कागद तिची साक्ष देईल. अर्ज कराराशी जुळतो का हे तपासायचं म्हणजे मुख्यतः हेच पाहायचं. करार शब्दशः उतरवून काढला की काम झालं असं नाही.

एक सौदा घेऊन पाहू. समजा कोकणातल्या एका कारखान्याने आयव्हरी कोस्टमधल्या निर्यातदाराशी १०० टन कच्च्या बीचा करार केला. दर टनाला १,२०० डॉलर, तिथल्या बंदरापासून न्हावा शेवापर्यंतचं भाडं धरून. मालात पाच टक्के कमीजास्त चालेल. दर ४८ पौंडांच्या उताऱ्यावर ठरला आहे, म्हणजे ८० किलोच्या पोत्यामागे ४८ पौंड वापरण्याजोगा गर निघायला हवा. उतारा कमी भरला तर त्या प्रमाणात दर उतरेल आणि ४५ पौंडांच्या खाली गेला तर माल नाकारता येईल. ओलावा जास्तीत जास्त दहा टक्के, किलोत बिया जास्तीत जास्त १९०.

आता अर्ज. पहिला रकाना अर्जदाराच्या नावाचा, आणि तो सोपा वाटतो म्हणून त्याकडे कोणी नीट पाहत नाही. आपला कारखाना पूर्वी भागीदारी पेढी होता, मागच्या वर्षी प्रायव्हेट लिमिटेड झाला. निर्यातदार जुना ओळखीचा, त्याने करार जुन्याच नावाने पाठवला. अकाउंटंटने करारावरचं नाव अर्जात उतरवलं. अर्ज आणि करार तंतोतंत जुळले, पण दोन्हीही चुकले. पेढीची कंपनी झाली की पॅन बदलतो. जीएसटी आल्यापासून नवा आयात-निर्यात कोड म्हणजे पॅनच असल्याने तोही बदलतो. पॅनचं चौथं अक्षर पाहिलं तरी कळतं: पेढीचं एफ, कंपनीचं सी. जीएसटी क्रमांकातही राज्याच्या दोन आकड्यांनंतर पॅनच असतो. करार, अर्ज, आयईसी आणि जीएसटी शेजारी ठेवून हे एक अक्षर पाहायला मिनिट लागत नाही.

ते पाहिलं नाही तर काय होतं? एलसी पेढीच्या नावाने जाते, इन्व्हॉइस पेढीच्या नावाने येतं, आणि बंदरावर माल सोडवायला कंपनीचा कोड पुढे करावा लागतो. परदेशात गेलेल्या पैशासमोर बँकेला माल आल्याची बिल ऑफ एंट्री जुळवून दाखवावी लागते, आणि तिथे कोड वेगळे निघतात. म्हणून आधी करारच नव्या नावाने दुरुस्त करून घ्यावा आणि अर्ज त्यानंतर भरावा.

नावाच्या बाबतीत कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे नाही, हेही माहीत हवं. एलसीचा संदेश स्विफ्टवरून एमटी ७०० या नमुन्यात जातो. त्यात अर्जदाराचं नाव-पत्ता बसवायला चार ओळी मिळतात, ओळीला ३५ अक्षरं. ‘आणि’चं गोल चिन्ह त्या रकान्यात चालत नाही, म्हणून तिथे पूर्ण शब्द लिहावा लागतो. लांब पत्ता बँकेतला माणूस आपल्या समजुतीने कापतो. त्यापेक्षा तो चार ओळींत कसा बसवायचा ते आपणच ठरवून द्यावं. इन्व्हॉइसवरचा पत्ता एलसीपेक्षा थोडा वेगळा असला तरी देश तोच असला की बँक आक्षेप घेत नाही. मात्र हाच पत्ता बिल ऑफ लेडिंगवर माल घेणाऱ्याचा किंवा माल आल्याची खबर द्यायच्या पार्टीचा म्हणून येणार असेल, तर तो एलसीत लिहिल्याप्रमाणेच हवा.

खरी मेहनत मालाच्या वर्णनात आहे. इन्व्हॉइसवरचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे असं अठरावं कलम म्हणतं. बाकीच्या कागदांवर मोघम वर्णन चालतं, फक्त ते विसंगत नको. आता अर्जात नुसतं ‘आयव्हरी कोस्टची कच्ची काजू बी, १०० टन’ लिहिलं तर ४२ पौंड उताऱ्याच्या मालावरही निर्यातदाराला पैसे मिळतील, कारण त्याचं इन्व्हॉइस एलसीशी जुळतं. मग कोणी शहाणपण करून वर्णनातच ४८ पौंड, दहा टक्के ओलावा, १९० बिया असं सगळं भरतो. त्यानेही राखण होत नाही. निर्यातदार तेच शब्द इन्व्हॉइसवर उतरवतो आणि बँकेचं समाधान होतं. एलसीत अट आहे पण ती पाळल्याचं दाखवणारा कागद मागितलेला नाही, तर बँक ती अट नसल्यासारखी धरते, हे चौदाव्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे.

म्हणून दर्जाची अट कागदपत्रांच्या रकान्यात न्यायची. तिथल्या बंदरात माल भरताना सर्व्हेअरने दिलेला वजनाचा आणि दर्जाचा दाखला मागायचा, आणि त्यात उतारा किमान ४५ पौंड, ओलावा दहा टक्क्यांच्या आत, किलोत बिया १९० पर्यंत असं नमूद असलं पाहिजे असं लिहायचं. सर्व्हेअरचं नाव द्यायचं. नुसतं ‘स्वतंत्र सर्व्हेअर’ लिहिलं तर तिसऱ्या कलमाप्रमाणे स्वतः निर्यातदार सोडून कोणाचाही दाखला चालतो, त्याच्या शेजारच्या गोदामवाल्याचासुद्धा.

दाखल्याची अट किमान ४५ पौंडांची आणि दर ४८ पौंडांचा, यात विसंगती नाही. माल नाकारायची हद्द ४५ आहे, दराचा पाया ४८. दोन्ही आकडे करारातलेच, पण अर्जात ते दोन वेगळ्या कामांसाठी येतात. ४८ किमान म्हणून लिहिला तर ४७ पौंडांचा चांगला माल कागदावर नापास होईल, आणि कराराने जे मान्य केलं ते एलसीने नाकारल्यासारखं होईल.

दराचं गणितही इथेच अडतं. ४८ पौंडांना १,२०० डॉलर म्हणजे पौंडाला २५ डॉलर. समजा दाखल्यात उतारा ४७ आला. करारानुसार दर १,१७५ झाला आणि १०० टनांचे १,१७,५०० डॉलर झाले. पण अर्जात ‘टनाला १,२०० डॉलर’ एवढंच असेल तर प्रामाणिक निर्यातदाराचं १,१७५ चं इन्व्हॉइस एलसीशी जुळत नाही आणि बँक त्याला विसंगत ठरवते. बिल बिनतक्रार वटवायचं तर त्याने १,२०० लावायचे, आणि आपण २,५०० डॉलर जास्त द्यायचे. उपाय साधा आहे: हा दर ४८ पौंडांच्या पायावर आहे आणि दाखल्यात त्यापेक्षा कमी उतारा आला तर पौंडामागे २५ डॉलर, अपूर्णांकाला त्या प्रमाणात, कमी होतील, असं एक वाक्य अर्जात घालायचं. आकडा दाखल्यात आहे, सूत्र एलसीत आहे, बँकेला करार उघडायची गरज उरत नाही.

तोलाच्या सवलतीचंही तसंच. करारात पाच टक्के कमीजास्त आहे आणि एलसी गप्प असली तरी यूसीपी स्वतःहून पाच टक्क्यांची मोकळीक देते. पण प्रमाण पोत्यांच्या संख्येत लिहिलं असेल तर ती मिळत नाही. कोणी नीटनेटकेपणापायी ‘१,२५० पोती’ असं प्रमाण घातलं की एक पोतं इकडेतिकडे झालं तरी बिल अडतं. प्रमाण टनांतच ठेवावं. शिवाय मोकळीक मालाला मिळते, रकमेला नाही. १०४ टन भरले तर बिल १,२४,८०० डॉलरचं होईल आणि एलसी १,२०,००० च्या वर देणार नाही. कराराशी जुळवायचं तर रकमेपुढेही पाच टक्क्यांची सवलत मागायला हवी.

करार क्रमांक आणि तारीख एलसीत घालायची हौस पुष्कळांना असते. घालायची तर बरोबर घालावी. तारीख चुकली तर निर्यातदाराला तीच चुकीची तारीख इन्व्हॉइसवर लिहावी लागते, किंवा दुरुस्ती मागून थांबावं लागतं.

तपासताना माझी पसंती उलट्या वाचनाला आहे. करारावरून अर्जाकडे गेलं की काय राहिलं ते दिसतं. अर्जावरून कराराकडे आलं की काय नवीन घुसलं ते दिसतं: मागच्या सौद्याच्या फॉर्ममधून तसाच राहिलेला विमा पॉलिसीचा कागद, जो इथे खरेदीदारच काढणार आहे, किंवा करारात कधीच न ठरलेली माल भरण्याची शेवटची तारीख. त्यानंतर बँकेकडून संदेशाचा मसुदा मागवावा आणि तो निर्यातदाराला पाठवावा. आपल्याला जुळलेलं वाटणारं वाक्य निर्यातदाराला पाळता येण्याजोगं आहे का, हे तोच सांगू शकतो; दाखल्यात बियांची संख्या लिहून देत नाहीत, असं तिथला सर्व्हेअर आत्ताच सांगू शकतो. मसुद्यात बदल केला तर फार तर एक दिवस जातो. एलसी निघाल्यावर मात्र निर्यातदाराच्या संमतीशिवाय बदल होत नाही आणि दर दुरुस्तीचे पैसे पडतात, तोवर माल जहाजावर चढलेला असू शकतो.

एवढं करूनही एक गोष्ट एलसीच्या आवाक्यात येत नाही. दाखला माल भरण्याच्या बंदराचा आहे. कित्येक आठवड्यांच्या सागरी प्रवासात बंद कंटेनरमध्ये दमट बीला बुरशी धरते, आणि न्हावा शेवाला कापून पाहिलं तर ४७ चा उतारा ४४ निघू शकतो. तोवर बँकेने बिल चुकतं केलेलं असतं, आणि ते नियमाने बरोबरच असतं. हा तंटा कराराच्या कलमांवर लढायचा, म्हणून पोचल्यावरच्या तपासणीचं, नमुने कोणासमोर काढायचे याचं आणि दाव्याच्या मुदतीचं कलम करारातच हवं. ते तिथे नसेल तर अर्ज भरण्याआधी निर्यातदाराकडून घालून घ्यावं, कारण एलसी हातात पडल्यावर तो त्यासाठी पुन्हा बोलायला बसेल याची शक्यता कमी.