मनगटावरची मूक हाक

मुंबईच्या गिरणगावात कापडगिरण्या चालू होत्या, तेव्हा पाळीची वेळ झाली की भोंगा वाजे. त्याचा आवाज ज्याला कामावर जायचे त्याच्या कानी पडे, आणि ज्याला झोपायचे त्याच्याही. रेल्वेत गाडी चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांना उठवण्यासाठी ‘कॉल बॉय’ घरोघर जात असे. त्याची हाक एकट्यासाठीच असली, तरी घरातील सगळे जागे होत. पाळीने काम करणाऱ्या माणसाची अडचण यातून ध्यानात येते. त्याला जाग तर यायला हवी, पण शेजारी झोपलेल्याची झोप मोडता कामा नये.

1947 साली स्वित्झर्लंडमधील व्हल्केन कंपनीने ‘क्रिकेट’ नावाचे गजराचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. क्रिकेट म्हणजे रातकिडा. त्याच्यासारखाच त्या घड्याळाचा आवाज खोलीभर घुमत असे. गजर मनगटावर आला, पण तो कानासाठीच राहिला. कानाऐवजी त्वचेला हाक देणारे घड्याळ म्हणजे कंपन-गजराचे घड्याळ होय.

या घड्याळात सुमारे शर्टाच्या बटणाएवढी एक चपटी मोटर असते. तिच्या आसावर एका बाजूला वजन बसवलेले असते. वजन मध्यभागी नसल्यामुळे मोटर फिरू लागली की ती सगळ्या घड्याळाला हिसके देते. कपडे धुण्याच्या यंत्रात एका बाजूला कपडे गोळा झाले की यंत्र थरथरते, तसाच हा प्रकार आहे. मोटर सेकंदाला साधारण दीडशे ते दोनशे फेरे घेते. आपल्या त्वचेखाली कंपने टिपणारी जी सूक्ष्म संवेदी अंगे आहेत, ती सेकंदाला दोनशे ते तीनशे कंपनांच्या आसपास सर्वांत जागरूक असतात. म्हणूनच एवढी लहान मोटरही मनगटाला जाणवते. काही नव्या घड्याळांत फिरत्या मोटरीऐवजी स्प्रिंगवर पुढेमागे हलणारे वजन असते. ते चटकन सुरू होते व चटकन थांबते.

हे थांबणेही महत्त्वाचे असते. एकसारख्या कंपनाला त्वचा लवकर सरावते. अंगावरचे कपडे आपल्याला सतत जाणवत नाहीत, त्याचे कारणही हेच. त्यामुळे थरथर, विराम, पुन्हा थरथर असा तुटक गजर अधिक उपयोगी ठरतो. घड्याळात कंपनाचे प्रकार निवडण्याची सोय असेल, तर तुटक प्रकार निवडावा.

आता एक उदाहरण पाहू. चंदीगडच्या सेक्टर 12 मध्ये पी.जी.आय. हे मोठे रुग्णालय आहे. समजा, शहरातील अशाच एखाद्या रुग्णालयात काम करणाऱ्या तीन परिचारिका एका खोलीत राहतात. पहिलीची पाळी सकाळी 8 ते दुपारी 2, दुसरीची दुपारी 2 ते रात्री 8 आणि तिसरीची रात्री 8 ते सकाळी 8 अशी आहे. पहिलीला सव्वासहाला उठायचे आहे, तेव्हा दुसरी गाढ झोपेत असते. तिसरी सकाळी साडेनऊला झोपते व दुपारी साडेचारला उठते, तेव्हा पहिली कामावरून येऊन आडवी झालेली असते. तिघींचे गजर मोठ्याने वाजू लागले, तर प्रत्येकीची झोप रोज दुसरीकडून मोडली जाईल. अपुऱ्या झोपेने आलेली परिचारिका औषधाची मात्रा मोजताना चुकू शकते. म्हणजे खोलीतल्या गजराचा परिणाम शेवटी रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो.

तिघींनी कंपनाचे घड्याळ घेतले, तरी ते नीट लावावे लागते. रात्रपाळीची परिचारिका दुपारी 4.30 चा गजर लावताना बारा तासांच्या पद्धतीत दुपारऐवजी पहाट निवडून बसली, तर घड्याळ ती कामावर असताना पहाटे थरथरेल आणि दुपारी गप्प राहील. यावर सोपा उपाय म्हणजे घड्याळ चोवीस तासांच्या पद्धतीवर ठेवणे. मग 04:30 आणि 16:30 यांत गोंधळ होत नाही.

दुसरी चूक वाराची होते. समजा, सोमवारच्या रात्रपाळीत पहाटे 4 वाजता एका रुग्णाचा ताप पाहायचा आहे. आपल्या मनात ती ‘सोमवारची रात्र’ असते, पण मध्यरात्रीनंतर घड्याळात मंगळवार लागलेला असतो. म्हणून हा गजर मंगळवारचा लावायला हवा. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर ‘रोज’ वाजणारा गजर न ठेवता पाळीपत्रक हाती आले की सगळे गजर पुन्हा तपासावेत.

रात्रीच्या विश्रांतीत डुलकी घ्यायची असेल, तर गजरापेक्षा टायमर बरा. गजर ठरावीक वेळेला वाजतो, तर टायमर लावल्यापासून किती मिनिटे गेली एवढेच मोजतो. त्यामुळे वार आणि सकाळ-संध्याकाळ यांचा प्रश्नच उरत नाही. डुलकीसाठी वीस मिनिटे झोप धरावी आणि डोळा लागायला पाच मिनिटे अधिक, असा पंचवीस मिनिटांचा टायमर लावावा. याहून फार लांबल्यास माणूस गाढ झोपेत शिरतो. त्या अवस्थेतून उठवल्यास डोके जड राहते आणि नीट विचार करता येत नाही. ही गुंगी बहुधा पंधरा ते तीस मिनिटे टिकते. म्हणून डुलकीनंतर लगेच नाजूक काम हाती घेऊ नये.

घड्याळ थरथरूनही जाग आली नाही, तर कारण बहुधा पट्ट्यात सापडते. पट्टा सैल असला की घड्याळ त्वचेपासून सुटते आणि हिसके हवेत जातात. चंदीगडच्या कडाक्याच्या थंडीत स्वेटरच्या बाहीवर घड्याळ बांधले, तरी तेच होते. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जाईल, एवढा तो घट्ट असावा. झोपताना घड्याळ काढून लाकडी टेबलावर ठेवले, तर टेबलच घुमू लागते आणि मूक गजर सगळ्यांना ऐकू जातो. याशिवाय बॅटरी उतरली की काही घड्याळे वीज वाचवण्यासाठी कंपन बंद करतात. म्हणून झोपण्यापूर्वी एक मिनिटाचा टायमर लावून कंपन नीट जाणवते का, ते पाहावे.

एवढे करूनही या साधनाला मर्यादा आहे. ज्याची झोप सावध आहे, त्याला मनगटावरची थरथर पुरते. मात्र अनेक रात्रींची झोप थकलेली असेल, तर शरीर तीही ओलांडून झोपी जाते. साध्या अंकीय घड्याळांत गजर अनेकदा दहा-वीस सेकंदांतच थांबतो. अशा वेळी पाच मिनिटांच्या अंतराने दुसरा गजर लावावा. नवे घड्याळ घेतल्यावर पहिला आठवडाभर जुना आवाजाचा गजरही दहा मिनिटे उशिराचा लावून ठेवावा. रोज तो वाजण्यापूर्वीच आपण उठून तो बंद करत असू, तर घड्याळावर विसंबता येईल. तसे होत नसेल, तर आपल्याला अधिक जोरदार गजराची, आणि बहुधा अधिक झोपेची, गरज आहे असे समजावे.